प्रतिसाद: विमा कंपनीच्या सर्व्हेअरला काय लिहून द्यावं?

> ‘शनिवार-रविवारीच फूड डिलिव्हरी करतो. अपघात सोमवारी ऑफिसला जाताना झाला. सर्व्हेअरने बॅग पाहिली आणि कंपनीने खुलासा मागितलाय. काय लिहू?’

‘कधीतरीच करतो’ यावर भर देऊ नका. पॉलिसीत ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ हे कलम काढून वाचा. खासगी दुचाकीला भाड्याने वापर आणि मालवाहतूक चालत नाही, आणि तिथे आठवड्यातून किती वेळा याची सूट नसते. तुमचा मुद्दा वेगळा आहे: अपघाताच्या वेळी गाडी कशासाठी चालली होती?

माझ्या भावाचं असंच झालं होतं. त्याने एवढंच लिहिलं: ‘सकाळी ९.१० वाजता मी कामावर जात होतो. त्या दिवशी ॲपवर लॉगिन नव्हतं, शेवटची ऑर्डर आदल्या रात्री पोचवली.’ सोबत ॲपमधली त्या दोन दिवसांची ऑर्डर हिस्टरी आणि ऑफिसच्या हजेरीचा उतारा जोडला. डिलिव्हरी करतो हे त्याने लपवलं नाही. लपवलं असतं तर बँकेतल्या साप्ताहिक जमा रकमांवरून उघडं पडलंच असतं, आणि मग खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

ऑर्डर चालू असतानाच अपघात झाला असेल तर मात्र हा खुलासा चालणार नाही. तेव्हा नॉन-स्टँडर्ड तडजोड, म्हणजे दाव्यातली काही रक्कम कापून बाकीची द्या, असं मागायचं. अमलेंदू साहू प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने वापराच्या अटीचा भंग असला तरी दावा पूर्ण नाकारता येत नाही असं म्हटलं होतं; तिथे आधार घेतलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा भंगासाठी देय रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत दावा मान्य करण्याची तरतूद होती.

खुलासा ईमेलनेच द्या, फोनवर नको.