मदत हवी आहे : शेवग्यावरचा पक्षी बुलबुल की भांगपाडी मैना?

नमस्कार मंडळी. जळगावजवळच्या आमच्या परसात शेवगा फुलला आहे आणि त्यावर येणाऱ्या पक्ष्यांची छायाचित्रे मी वेगळी करत आहे. शिंजीर ओळखण्यात अडचण येत नाही, कारण इवलेसे अंग आणि खाली वाकलेली, सुईसारखी बारीक चोच उन्हाविरुद्धच्या काळ्या आकृतीतही स्पष्ट दिसते. साळुंकीही डोळ्यामागच्या पिवळ्या कातडीमुळे पटकन कळते. खरा पेच एकाच छायाचित्रात आहे.

त्यात डोके काळे आहे, तुरा मागे चपटा बसला आहे आणि शेपटीचे टोक पांढरे आहे. ही तिन्ही लक्षणे लालबुड्या बुलबुल आणि भांगपाडी मैना या दोघांतही आढळतात, आणि बुडाचा लाल रंग असलाच तर तो पानाआड गेला आहे. मात्र पाय पिवळसर वाटतात, पोटाचा रंग एकसारखा फिकट तांबूस आहे आणि बांधा ठेंगणा, शेपूट आखूड आहे. बुलबुलाचे पाय काळपट, छातीवर खवल्यांसारखी नक्षी आणि शेपूट लांब असते, म्हणून माझा कल मैनेकडे आहे.

तरी सायंकाळच्या पिवळ्या उन्हात पायांचा रंग फसवा ठरू शकतो का? अशा वेळी चोचीचा निळसर बुंधा पाहावा की बांध्यावर अधिक विश्वास ठेवावा? जाणकारांनी कृपया कारणांसह सांगावे.