मदत हवी आहे: पॅकिंग टेबलाजवळच्या बिनमध्ये कोणता माल ठेवू?

भिवंडीकर: नमस्कार मंडळी. घरगुती मालाचं गोदाम आहे. पॅकिंग टेबलाला लागून 12 बिन, बाकी रॅक मागे. महिन्याचा खप काढून जास्त खपणारा माल पुढे लावला:

```
=SUMIFS(Picks!C:C,Picks!B:B,A2)
```

तरी पोरांची चाल काही कमी होत नाही. एकट्या डायपरने सहा बिन खाल्लेत. शीटमध्ये काय बदलू?

चौकटराजा: तुमचं सूत्र नग मोजतंय. नगांना पाय नसतात, माणूस किती वेळा गेला ते मोजा. Picks मध्ये ऑर्डरची एक ओळ म्हणजे एक फेरी, म्हणून COUNTIFS लावा. आकाराच्या भानगडीत पडू नका.

औषधवाला: आमच्याकडे मुदत जवळ आलेली बॅच पुढे असते. तुम्हीही तसंच करा.

भिवंडीकर: दादा, डायपरला मुदतीचा प्रश्न नाही, जागेचा आहे. COUNTIFS ने डायपर 600 फेऱ्या, क्रीम 350. म्हणजे डायपर पुन्हा पहिलाच!

रॅकवाली: कारण आकार सोडलात. फेऱ्यांना लागणाऱ्या बिनच्या संख्येने भागा:

```
=B2/ROUNDUP(D2*E2/(0.15*0.75),0)
```

B मध्ये महिन्याच्या फेऱ्या, D मध्ये एका पॅकचं घनफळ, E मध्ये पुढे ठेवायचे नग. तुमचा बिन 60×50×50 सेंमी धरला तर 0.15 घनमीटर, आणि तो काठोकाठ कधीच भरत नाही म्हणून 0.75. डायपरचा पॅक 0.015 धरा, दिवसाला 43 पॅक जात असतील तर सहा बिन लागतात. 600 भागिले 6, म्हणजे दर बिनला 100 फेऱ्या. क्रीमला एकच बिन पुरतो, तिच्या पूर्ण 350. त्या सहा बिनमध्ये दोनशे-दोनशे फेऱ्यांच्या सहा छोट्या वस्तू बसवल्या तरी डायपरच्या 600 फेऱ्यांऐवजी 1200 फेऱ्या जवळ येतात.

चौकटराजा: मग डायपरच्या 600 फेऱ्या लांब गेल्या त्याचं काय?

रॅकवाली: गेल्या, पण बदल्यात दुप्पट वाचल्या. मात्र सगळा खेळ E वर आहे. अर्ध्या दिवसाचे 22 पॅक पुढे ठेवले तर तीनच बिन लागतात, आकडा 200 वर जातो आणि डायपर पुढे राहू शकतो. फक्त मागून दिवसातून दोनदा भरावं लागतं. ते भरणं शीटमध्ये कुठेच दिसत नाही.

भिवंडीकर: ट्रॉलीवर 22 पॅक एका खेपेत येतात, म्हणजे परवडेल असं वाटतंय. पण सगळा चालता माल त्याच 12 बिनमध्ये आला तर तीन पोरं एकाच जागी अडकतील ना?

रॅकवाली: अडकतील. ते या सूत्रात बसत नाही. गर्दीच्या वेळी तिथे उभं राहून बघा. मी तरी सगळ्यात वरच्या वस्तू दोन्ही बाजूंना वाटून टाकेन.

चौकटराजा: वाटल्या की पुन्हा चाल वाढली.