अनुभव धागा: तडकलेल्या फोनवर काढलेला दुकानाचा पहिला व्हिडिओ

काल पुतण्याचा फोन पडून तडकला आणि इस्लामपूरचं आमचं टेलरिंगचं दुकान आठवलं. माझ्या फोनचा तडा थेट मागच्या कॅमेऱ्याच्या काचेवरून गेला होता. ट्यूबलाइट समोर आली की चित्रभर पांढरट धुकं पसरायचं. शेवटी अण्णांचं मशीन दाराशी ओढलं आणि मी दाराकडे पाठ करून बसलो, म्हणजे उजेड माझ्या मागून त्यांच्या हातांवर. स्क्रीनचा खालचा भाग बोटाला दाद देत नव्हता, म्हणून आवाजाच्या बटणाने रेकॉर्डिंग सुरू केलं. फोन टेकवला रिळांच्या डब्याला.

अण्णा कॅमेऱ्यापुढे बोलेनात. त्यांनी ब्लाउज उलटा केला, बाजूच्या शिवणीत सोडलेली दोन बोटं माया दाखवली, टीप उसवली, बाहेरून नवी मारली. ब्लाउज सैल झाला, व्हिडिओ संपला. पुढे बायका येऊन विचारायच्या, "माया सोडणारे टेलर तुम्हीच ना?"

तुमच्या घरच्या दुकानाचा पहिला व्हिडिओ कसा झाला? लिहा.

मीनल_क
अण्णांना नमस्कार सांगा. माझ्या पैठणीच्या ब्लाउजला आत काडीची माया नाही, लग्न पुढच्या महिन्यात 😭

सुहास७१
काचेवर टूथपेस्ट घासायची, तडा जातो.

दिगू फोटोवाला
सुहासराव, नका हो! बारीक ओरखडा फार तर पुसट होईल, तडा नाही जात. उलट लेन्सवरचा लेप घासला जातो. मागच्या काचेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे कीस बोटात घुसणार नाही, फक्त लेन्स मोकळी ठेवा. धागाकर्त्याने उजेड पाठीशी घेतला हेच बरोबर. जुन्या चोकच्या ट्यूबखाली सरकते पट्टे दिसतात तो तड्याचा दोष नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात.

सुहास७१
माझा चष्मा झाला होता साफ. असो.

वैशाली शिवणकाम
आमच्याकडे मोटरच्या आवाजात आईचं बोलणं बुडालं. मग शिवताना बोलायचंच नाही, मशीन थांबवून सांगायचं असं ठरवलं. कटोरीचं कटिंग मात्र ती दाखवू देत नाही, म्हणते लोक उचलतील. मला पटत नाही. हात कसा उचलतील?

राजू_कराड
दाखवू नये हेच बरं. आमच्या गल्लीत पाहून शिकलेत एकाचे दोन.

प्रकाश_जी
स्क्रीन बदलायला किती घेतात? मुलीचा फोन पडलाय.

मीनल_क
@वैशाली ताई, माया नसेल तर बगलेत पट्टी जोडून सैल होतो का?

वैशाली शिवणकाम
होतो, त्याच रंगाचं कापड मिळायला हवं. ब्लाउजपीसचा तुकडा उरलाय का? बाहीच्या आत दुमडलेलं कापडही बघ. तिथे बऱ्याचदा निघतं. उतू जातंय, आले.