स्वप्नप्रसंगातले धुके काढले, तर स्वप्न ओळखू कसे येईल?

तापीकाठ: माझ्या कथेतील रावेरचा केळीबागायतदार वारलेल्या वडिलांना स्वप्नात पाहतो. मी धुके, घुमणारा आवाज आणि शेवटी दचकून जाग असे लिहिले. वाचणारे म्हणतात, हे सिनेमातले वाटते. ते काढले, तर स्वप्न आहे हे कळणार कसे?

जळगावची वाचक: दादा, स्वप्न पाहणाऱ्याला ते सहसा अंधुक वाटत नाही, त्याची फक्त नवल करण्याची शक्ती गेलेली असते. ज्या झोपेत पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलतात, तिच्यात स्वप्ने ठसठशीत पडतात आणि त्याच वेळी मेंदूच्या पुढच्या भागातील पारख मंदावते. म्हणून वस्तू स्पष्ट ठेवाव्यात आणि कारणे व 'मग', 'म्हणून' असे जोडशब्द तेवढे काढून घ्यावेत. उदाहरणार्थ:

"वडील वजनकाट्याशी बसून घड मोजत होते. काटा आमच्या स्वयंपाकघरात होता. एक घड उतरला की आजीच्या टोपलीतली एक भाकरी कमी होई. वडिलांनी विचारले, पाणी दिलेस का? ते पाणी तापीचे नव्हते, शाळेचे होते, हे मला ठाऊक होते."

यात 'जणू' आणि 'अचानक' मुद्दाम टाळले आहेत, कारण ते शब्द आले की जागा असलेला लेखक मध्येच बोलू लागतो. मात्र आधीच्या जागेपणीच्या प्रसंगात भाव पडला म्हणून कापणी थांबली, अशी कारणांची साखळी पक्की हवी. नाहीतर तिचे तुटणे जाणवणारच नाही.

धुळेकर: मला हे पटत नाही. आपण सगळेच स्वप्न 'मग असं झालं, मग तसं झालं' असेच सांगतो, तेव्हा जोडशब्द काढणे कृत्रिम वाटते. शिवाय दोन पाने वाचून झाल्यावर ते स्वप्न होते असे कळले, तर वाचक पुस्तक मिटेल. सरळ तिरपा टाईप वापरावा.

चोपड्याची सून: माझ्या स्वप्नात सासूबाई नेहमी रिकामी कळशी घेऊन येतात. याचा अर्थ कोणी सांगेल का?

जळगावची वाचक: ताई, अर्थ मला सांगता येणार नाही, पण कळशी रिकामी असूनही तुम्हाला तिचे ओझे जाणवत असेल, तर दादांना हवा तो तपशील तोच आहे. धुळेकर, 'मग'बद्दल तुमचे बरोबर आहे, मी जरा घाईच केली. 'मग' केवळ क्रम सांगतो, खटकतो तो 'म्हणून'. फसवणुकीची भीतीही खरी आहे, म्हणूनच स्वयंपाकघरातला काटा दुसऱ्याच वाक्यात आणला. तिरप्या टाईपाने मात्र वाचक आधीच सावध होतो आणि वडिलांचे विचारणे त्याला लागत नाही.

धुळेकर: दीड पानाचे स्वप्न असेल, तर ठीक. पाच पाने हे चालेल, असे मला अजूनही वाटत नाही.

तापीकाठ: माझे एकच पान आहे. दचकून जागे होणे काढले. आता तो पहाटे ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायला जातो. तिथे त्याला शाळेचे पाणी आठवावे की नाही, एवढे अजून ठरत नाही.