रात्रीचं ठरलेलं काम अडलं, तर अर्धं उरकावं की थांबून कळवावं? तुमचे अनुभव सांगा

कराडजवळून, दूध संस्थेचा संगणक सांभाळणारी

आमच्या संस्थेच्या सर्व्हरवर रोज रात्री साडेअकराला डेटाबेसचा बॅकअप निघतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने चांगल्या हेतूने एक सोय ठेवली होती. बॅकअपच्या डिस्कवर ५ जीबीपेक्षा कमी जागा उरली, तर पूर्ण बॅकअप न घेता फक्त उत्पादकांची यादी आणि त्या दिवसाच्या संकलनाच्या नोंदी घ्यायच्या. काहीच नसण्यापेक्षा एवढं तरी हाती असावं, हा विचार.

मग कोणीतरी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच डिस्कवर वळवलं. ३ तारखेपासून रोज अर्धाच बॅकअप निघू लागला. फाईलचं नाव तेच, लॉगमध्ये ओळ तीच, 'बॅकअप पूर्ण'. स्क्रिप्टच्या शेवटी १० दिवसांहून जुन्या फाईली पुसणारी ओळ होती, तीही इमानदारीने चालत राहिली. १४ तारखेच्या रात्री २ तारखेची शेवटची पूर्ण प्रत पुसली गेली. १७ला सकाळच्या संकलनाच्या वेळीच सर्व्हरची डिस्क बंद पडली.

५ तारखेपासूनच्या दुधाच्या नोंदी मिळाल्या. त्याआधीचं दूध, सगळी उचल, पशुखाद्याची कपात आणि मागील बाकी मात्र गेली. छापील बिलं आणि वह्या समोर ठेवून आम्ही तिघं ११ दिवस ते भरत होतो. एक आजी रोज येऊन विचारायच्या, "माझी उचल फिटली होती गं, तुझ्यात दिसते का?" त्यांच्याकडे पावती नव्हती आणि माझ्याकडे नोंद नव्हती.

मला एवढंच कळून घ्यायचंय, की असं काम अडल्यावर मागे पर्यायी काम ठेवावं की नाही?

सांगलीहून, एका कारखान्यात संगणक विभागात

ठेवूच नका. काम अडलं की बंद करायचं. स्क्रिप्टमध्ये `exit 1` लिहिलं की क्रॉन आपोआप मेल पाठवतो. मी सगळीकडे हेच करतो.

साताऱ्याहून, वीस वर्षं सर्व्हर सांभाळतोय

दादा, थांबायचं हे बरोबर, पण मेलचं तसं नाही. क्रॉन `exit` किती आला ते बघून मेल पाठवत नाही. कामाने पडद्यावर काही लिहिलं तरच तो मेल करतो. मुकाट्याने `exit 1` देऊन संपलेली स्क्रिप्ट कोणालाच काही सांगत नाही. शिवाय मशीनवर मेल पाठवणारी यंत्रणा हवी. डेबियनवर ती नसली, तर लॉगमध्ये ही ओळ पडते:

```
(CRON) info (No MTA installed, discarding output)
```

एका ठिकाणी मी ही ओळ रोज रात्री पडलेली पाहिली. तिथली स्क्रिप्ट नेमाने थांबत होती, नेमाने कळवत होती, आणि तो निरोप फेकून दिला जात होता. 'थांबून कळव' यातला 'कळव' कोणापर्यंत पोचतो, हे एकदा मुद्दाम काम बिघडवून बघायला हवं.

ताई, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. अर्धा बॅकअप घेतला यात तुमच्या स्क्रिप्टची चूक नव्हती. तिने अर्ध्याला पूर्णाचं नाव दिलं आणि त्या नावाच्या भरवशावर पुढचं पुसायचं काम केलं, नुकसान तिथे झालं. पर्यायी काम ठेवावं की नाही हे ठरवताना मी आधी बघतो, की त्याच्या पाठीमागून कोणतं काम चालतं आणि ते काय गृहीत धरतं. तुमच्याकडे पुसणारी ओळ गृहीत धरत होती, की नवी प्रत जुनीची जागा घेण्याइतकी भरलेली आहे. मी ते असं लिहिलं असतं:

```
if [ "$FREE_KB" -lt 5242880 ]; then
  dump_small > "$DIR/ARDHA_$(date +%F).sql"
  echo "BACKUP ARDHA: free=$FREE_KB KB" >&2
  exit 75
fi
```

`dump_small` म्हणजे तुमचीच छोट्या बॅकअपची आज्ञा. नाव वेगळं, आवाज केला, आणि `exit` पुसणाऱ्या ओळीच्या वर, म्हणजे त्या रात्री काहीच पुसलं जात नाही. ७५चा रूढ अर्थ 'तात्पुरतं जमलं नाही, पुन्हा करून बघा' असा आहे. पुसतानाही नुसत्या तारखेवर जाऊ नका. शेवटच्या ३ पूर्ण प्रती कितीही जुन्या झाल्या तरी राहिल्या पाहिजेत.

आणि फाईलचा आकार बघत चला. तुमचा पूर्ण बॅकअप किती होता?

कराडजवळून

सर, पूर्ण साधारण १.८ जीबीचा असायचा, अर्धा ४० एमबीचा. १४ दिवस ते आकडे माझ्यासमोरच होते. मी फक्त तारीख बघायचे.

तासगावहून, द्राक्षबागायतदार

आमच्याकडे तर हे मोटारीचं रोजचंच आहे. रात्रीची लाईट असते, ऑटो स्टार्टर लावलाय. एक फेज गेली की सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर मोटार सुरूच होऊ देत नाही. बागेला पाणी हवं म्हणून मी तो काढून दोन फेजवर चालवायला कंडेन्सर बसवला. दोन महिने चाललं. नंतर वाइंडिंग जळलं, बोअरमधून मोटार वर काढायची मजुरी वेगळी.

पण खरी अडचण त्याआधीच होत होती. दोन फेजवर पाण्याला दाब कमी पडतो. ठिबकच्या शेवटच्या ओळींना पाणी पोचतच नव्हतं, आणि स्टार्टरचा दिवा सांगायचा की मोटार चार तास चालली. मी खताचा हिशोब चार तासांच्या पाण्यावर धरत होतो. शेवटच्या ओळींची पानं कडेने वाळायला लागली तेव्हा समजलं. ताईंच्या 'बॅकअप पूर्ण'सारखंच झालं म्हणायचं. तुमच्या संगणकातलं मला फारसं कळत नाही.

मिरजेहून, पतसंस्थेत

आमच्याकडे कर्जाचे हप्ते रात्री सदस्यांच्या बचत खात्यातून आपोआप वळते व्हायचे. हप्त्याएवढी शिल्लक नसली, तर असेल तेवढी घ्यायची, अशी सोय होती. एका सदस्याच्या खात्यात ३,५०० हप्त्यासाठी २,९०० होते, ते सगळे गेले. दुसऱ्या दिवशी मुलाच्या फीचा चेक परत आला. त्यांनी मला विचारलं, "अर्धा हप्ता घ्या असं मी कुठे लिहून दिलं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता शिल्लक कमी असली तर काहीच घेत नाही, सकाळी यादी निघते आणि आम्ही फोन करतो. पैसा दुसऱ्याचा असेल, तर अर्धं करायचं की नाही हे त्यालाच विचारावं, असं माझं मत झालंय.

सांगलीहून

मेलचं मान्य, आमच्या दोन मशीनवर आत्ताच बघितलं. एकावर तीच ओळ आहे.

तरी साताऱ्याच्या सरांना विचारतो, ती छोट्या बॅकअपची वाट शेवटची कधी तपासली होती? पूर्ण बॅकअप रोज चालतो, म्हणून त्यातली चूक दिसते. पर्यायी वाट वर्षातून एकदा चालते, तीही अडचणीच्या रात्री. डिस्क भरलीच असेल तर ४० एमबी लिहिताना तीही मध्येच तुटायची.

साताऱ्याहून

रास्त आहे. म्हणून मी ती महिन्यातून एकदा मुद्दाम चालवतो आणि निघालेली फाईल दुसऱ्या मशीनवर भरून बघतो. एवढं करायला वेळ नसेल, तर तुमच्यासारखं सरळ थांबवलेलं बरं.

कराडजवळून

काल सीसीटीव्ही वेगळ्या डिस्कवर नेला, स्क्रिप्टही बदलली. संध्याकाळी मुद्दाम डिस्क भरून चालवून पाहिली. `ARDHA_` नावाची फाईल आली, जुनं काही पुसलं गेलं नाही, माझ्या फोनवर मेसेज आला. सचिवांच्या फोनवर नाही आला, त्यांचा नंबर जुना होता. साडेअकराला मी झोपलेली असले तर पुढे कोण उठणार, हे आमच्याकडे अजून ठरलेलं नाही. तुमच्याकडे रात्रीचा फोन कोण उचलतं?