शब्दचर्चा: फाशाच्या गणितातलं "अपेक्षित" आणि "पडेपर्यंत"

मृण्मयी
भाचीने वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय, कडेचे शब्द कापले गेलेत. वाचता येतंय ते असं: "एक फासा टाकत राहिले. पहिला सहा पड... फेकींची अपेक्षित संख्या काढा. उत्तर: ५." तिचं उत्तर ६ येतंय. आणि मुळात इथे "अपेक्षित" म्हणजे काय, आपण अपेक्षा करतो ती?

सांगलीकर
अपेक्षित म्हणजे निम्मी शक्यता ओलांडते तिथे. चार फेकींत सहा यायची शक्यता ५० टक्क्यांच्या वर जाते, त्यामुळे उत्तर ४. पाच पण चूक आणि सहा पण.

दत्ता_पाटील
आम्ही घरी लुडो खेळतो तेव्हा सोंगटी बाहेर काढायला सहा लागतो, पोरगी दहा-दहा वेळा टाकते तरी येत नाही, मग रडारड. एवढ्या वेळा नाही आला म्हणजे आता पुढच्या फेकीला यायचा चान्स वाढला असणार ना?

वसुधा जो.
सांगलीकर, तुमचा चारचा आकडा बरोबर आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचा. चार फेकींत एक तरी सहा, याची शक्यता १२९६ पैकी ६७१, म्हणजे ५२ टक्क्यांच्या जरा खाली. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये लोक यावरच पैज लावायचे. पण "अपेक्षित" म्हणजे सरासरी. हाच खेळ हजारो वेळा खेळा, दर वेळी किती फेकी लागल्या ते लिहा आणि बेरजेला खेळांच्या संख्येने भागा. ही सरासरी चारच्या वर जाते कारण काही खेळ फार लांबतात, शंभरातल्या साधारण १६ खेळांत दहा फेकी होऊनही सहा आलेला नसतो. म्हणजे दत्ताभाऊ, तुमच्या लेकीचं होतं ते काही विपरीत नाही, आणि चान्सही वाढत नाही, अकराव्या फेकीलाही तो सहात एकच.

हिशोब त्यावरच उभा आहे. सरासरी "स" धरा. पहिली फेक टाकायचीच, ती १. सहात पाच वेळा ती वाया जाते आणि मग आपण परत आरंभालाच असतो, म्हणजे पुढे आणखी सरासरी स फेकी. म्हणून

स = १ + (५/६) × स

यातून स = ६. नाण्याचा छापा असेल तर ५/६ च्या जागी १/२, उत्तर २.

शब्दाचं म्हणाल तर १६५७ मध्ये डच गणितज्ञ हायगेन्सची फाशांच्या खेळावरची छोटी पुस्तिका लॅटिनमध्ये आली, त्यात "एक्स्पेक्टाशिओ" हा शब्द आहे. त्याचा रोख खेळातल्या तुमच्या संधीची किंमत किती यावर होता. आपण "पाऊस अपेक्षित आहे" म्हणतो तसा अंदाज त्यात नाही. नुसत्या अंदाजाने जायचं तर पहिला सहा पडायची सगळ्यात जास्त शक्यता पहिल्याच फेकीला असते.

मृण्मयी
हे कळलं, पण मग पाच कुठून आलं?

वसुधा जो.
कापलेल्या शब्दात असणार. "पडेपर्यंतच्या" असेल तर यशाची फेक धरून ६, "पडण्यापूर्वीच्या" असेल तर नुसत्या वाया गेलेल्या, म्हणजे ५. दोन्ही पद्धती जगभर चालतात. संगणकाच्या भाषांत बघा, पायथनमध्ये numpy.random.geometric(1/6) यशाची फेक धरून मोजतं आणि आर मध्ये rgeom(1, 1/6) फक्त अपयशं मोजतं, त्यामुळे एकीकडे सरासरी सहाच्या आसपास, दुसरीकडे पाचच्या. उत्तरात एकाचा फरक दिसला की आधी हे बघायचं. दुसरी खूण, मोजणी शून्यापासून चालू होऊ शकते का? पहिल्याच फेकीला सहा पडला तर "पूर्वीच्या" फेकी शून्य.

सांगलीकर
सरासरीचं पटलं. पण "पडेपर्यंत" ने सहाची फेक धरली जाते हे नाही पटत. "सोमवारपर्यंत सुट्टी" म्हटलं की आमच्या ऑफिसात दर वेळी वाद, सोमवारी यायचं की नाही.

वसुधा जो.
सोमवार आपोआप येतो, सहा मात्र फेकल्याशिवाय पडत नाही. "सहा पडेपर्यंत टाकत राहा" म्हटलं की ज्या फेकीने तो पडला ती पण टाकलेलीच असते, तेव्हा ती धरायची.

मृण्मयी
पूर्ण फोटो आला. "पहिला सहा पडण्यापूर्वीच्या फेकींची अपेक्षित संख्या." म्हणजे ५ बरोबर. आणि त्याच पानावर खाली "छापा पडेपर्यंत नाणे किती वेळा उडवावे लागेल, सरासरी काढा", उत्तर २. एकाच पानावर दोन मोजण्या!

सांगलीकर
"उडवावे लागेल" मध्ये शेवटची वेळ आलीच, तिथे मान्य. पण "सहा पडेपर्यंत किती फेकी वाया गेल्या" असं विचारलं तर "पर्यंत" असूनही उत्तर पाचच ना? मग शब्द "पर्यंत" ठरवतोय की क्रियापद?