लीप वर्षाला चारने भाग पुरेसा आहे, शतकाचा नियम कशाला?

उनाड
जन्मतारखेचा फॉर्म लिहितोय. फेब्रुवारीत २८ दिवस दाखवायचे की २९, यासाठी `y % 4 == 0` एवढंच ठेवलंय. वरिष्ठ म्हणतात, शतकाचा नियम, म्हणजे १०० ने भाग जाणाऱ्या वर्षांचा वेगळा नियम, घाल. २००० साल लीप होतंच. २१०० ला मी नसेन आणि हा फॉर्म तर नक्कीच नसेल. मग हा नियम घालण्यात अर्थ आहे, की नुसती पोपटपंची?

घड्याळजी
तुमच्या बाजूने एक मत. १ मार्च १९०० पासून २८ फेब्रुवारी २१०० पर्यंत चारचा भाग एकदाही चुकत नाही. आमच्या कामात DS1307 नावाची घड्याळाची चिप असते. ती वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवते आणि तिच्या माहितीपत्रकात साफ लिहिलंय की लीप वर्षाची सोय २१०० पर्यंतच. बनवणाऱ्यांना नियम ठाऊक नव्हता असं थोडंच आहे? दोन आकड्यांवरून शतक कळत नाही, म्हणून त्यांनी तो भाग सोडला आणि तसं सांगून टाकलं. मर्यादा लिहून ठेवली की तिला चूक म्हणत नाहीत.

शंकासुर
दोघेही चुकताय. शतकी वर्ष लीप नसतंच. १७००, १८००, १९०० यातलं एकही नव्हतं. २००० ला २९ फेब्रुवारी आली ती संगणकांची धावपळ चालू होती म्हणून, तेव्हा कोणी वेगळं काही करायला धजावलं नाही, असं मी ऐकलंय. खरा नियम हा:

```
y % 4 == 0 && y % 100 != 0
```

मोजपट्टी
शंकासुर, तीन उदाहरणं बरोबर दिलीत आणि नियम अर्धाच सांगितलात. संगणकांचा इथे काही संबंध नाही. २००० लीप असणार हे १५८२ सालीच ठरलं होतं.

गंमत बघा. तुमची ओळ २००० साली वापरली असती तर २९ फेब्रुवारीचा आख्खा मंगळवार गायब झाला असता. उनाडची ओळ मात्र बरोबर निघाली असती, काही माहीत नसून. २१०० ला उलटं होईल: तुमची बरोबर, उनाडची चूक. म्हणजे अर्धा नियम पाठ असणारा नियमच माहीत नसणाऱ्यापेक्षा वाईट ठरला, तोही नेमका आपल्या हयातीत आलेल्या एकमेव शतकी वर्षात. पुरी ओळ अशी:

```
(y % 4 == 0 && y % 100 != 0) || y % 400 == 0
```

तोंडी करायचं असेल तर ४०० ने भागायची गरज नाही. शतकी वर्षाचे शेवटचे दोन शून्य झाका आणि उरलेल्या आकड्याला चारने भागा. १९ ला भाग जात नाही, २० ला जातो, २१ ला नाही, २४ ला जातो. चारचाच नियम, फक्त वर्षांऐवजी शतकांना लावलेला.

शंकासुर
बरं, पण ही ४०० ची भानगड कुठून आली? चारनंतर शंभर, शंभरनंतर चारशे, मग पुढे चार हजार? ४००० साल लीप नाही असंही वाचलंय.

मोजपट्टी
४००० चा नियम अस्तित्वात नाही. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी तशी सूचना केली होती, ती कोणी स्वीकारली नाही. आजच्या नियमाने ४००० लीप आहे.

४०० कुठून आलं ते सांगतो. ऋतूंचं वर्ष साधारण ३६५.२४२२ दिवसांचं असतं. दर चौथं वर्ष लीप धरलं की सरासरी ३६५.२५ होते, म्हणजे वर्षाला सुमारे ११ मिनिटं जास्त. ११ मिनिटांनी काय बिघडतंय, असं वाटतं. पण १२८ वर्षांत त्याचा पूर्ण एक दिवस होतो. इ.स. ३२५ च्या सुमारास वसंत संपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस, २१ मार्चच्या आसपास धरला जायचा. १५८२ येईपर्यंत तो ११ मार्चवर सरकला होता. मग पोप ग्रेगरी तेरावे यांच्या आज्ञेने ४ ऑक्टोबर, गुरुवार, याच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार, असं धरलं आणि ते दहा दिवस गाळले.

पण नुसते दिवस गाळून भागत नाही, घसरण पुन्हा सुरू होणारच. १२८ वर्षांत एक म्हणजे ४०० वर्षांत तीन दिवसांहून किंचित जास्त. म्हणून ४०० वर्षांतल्या १०० लीप वर्षांतली तीन काढली आणि ९७ ठेवली. सरासरी ३६५.२४२५ झाली. कुठली तीन काढायची? लक्षात राहायला सोपी म्हणून शतकी वर्षं निवडली. १२८ वर्षांनी एक काढली असती तर हिशेब आणखी नेमका बसला असता, पण १२८ चा पाढा कोण म्हणत बसणार!

फेब्रुवारीकर
माझा जन्म २९ फेब्रुवारीचा, १९९६ चा. एका फॉर्मने मला सरळ सांगितलं, "तारीख अवैध". शेवटी १ मार्च टाकली आणि पुढे दोन कागदांवर दोन तारखा झाल्या, ते निस्तरायला महिने गेले. त्यामुळे उनाड, आमच्यासारख्यांना आधी जगू द्या. आणि आम्ही १८ वर्षांचे २८ ला होतो की १ मार्चला, तेही कोणीतरी सांगा.

घड्याळजी
फेब्रुवारीकर, तुमचं वर्ष चारच्या नियमातही लीप आहे आणि पुऱ्या नियमातही. तुम्हाला नाकारणारा फॉर्म तिसऱ्याच कारणाने बिघडलेला होता. बहुधा फेब्रुवारीला सरसकट २८ धरलेले. वयाचं उत्तर मात्र पंचांगात नाही, कायद्यात आहे, आणि ते जागोजागी वेगळं.

मोजपट्टी
शतकाच्या नियमाचा खरा फटका २९ फेब्रुवारी २०९६ ला जन्मणाऱ्यांना. त्यांची पुढची २९ तारीख २१०४ ला, आठ वर्षांनी. १८९६ वाल्यांचं तसंच झालं होतं. आणि ही मुलं काही फार लांबची नाहीत, आज शाळेत असलेल्यांची नातवंडं-पतवंडं.

उनाड
ही सगळी २१०० ची गोष्ट झाली. आज माझं काय अडतंय ते कोणी सांगेल का?

मोजपट्टी
जन्मतारखेत अडत नसेल, पुढची तारीख काढण्यात अडतं. समजा १ मार्च २०२४ पासून ९९ वर्षांचा करार आहे. तो १ मार्च २१२३ ला संपतो. ९९ गुणिले ३६५ म्हणजे ३६,१३५. त्यात २०२८ ते २१२० मधल्या लीप वर्षांचे दिवस मिळवा. चारच्या नियमाने ते २४ आणि एकूण ३६,१५९. २१०० वगळलं की २३ आणि एकूण ३६,१५८. तुमचा कोड आजच ३६,१५९ छापेल, आणि शेवटच्या दिवशी मंगळवार दाखवेल. खरा वार सोमवार आहे.

एकच कोड दिवस मोजतो आणि तोच दिवसांवरून तारीख काढतो, तेव्हा दोन चुका एकमेकींना झाकतात. ३६,१५८ म्हणणारा दुसरा कोड शेजारी आला की मग फरक दिसतो. म्हणून मी वार पडताळतो: १ मार्च २१०० सोमवार येतो का? मंगळवार आला तर शतकाचा नियम घालायचा राहिला.

रिकामटेकडा
एक्सेलमध्ये कोऱ्या खान्यात 60 लिहा आणि त्याला तारखेचं रूप द्या. नेहमीच्या मांडणीत २९ फेब्रुवारी १९०० दिसेल, जी तारीख कधी उगवलीच नाही. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये १९०० लीप धरलेलं होतं. त्याच्या फाइली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने चूक मुद्दाम ठेवली, आणि ती अजून आहे. त्यामुळे १ मार्च १९०० च्या आधीचे वार एक्सेलमध्ये एक घर मागे असतात. १ जानेवारी १९०० सोमवार होता, एक्सेल रविवार म्हणतं. तेव्हा उनाड, तुम्ही एकटे नाही, इनो घ्या.

जुनी वही
"कधी उगवलीच नाही" हे जरा जपून. मी जुन्या नोंदी उतरवते. रशियात ग्रेगरीचं कॅलेंडर १९१८ ला आलं, तोवर तिथे दर चौथं वर्ष लीप, शतकही सुटत नव्हतं. तिथल्या वहीत २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख खरी आहे. आपल्या हिशेबाने तो १३ मार्च. तुमची पुरी ओळ घातलेला फॉर्म ही तारीख नाकारतो आणि उनाडचा "चुकीचा" फॉर्म निमूट घेतो. मला दुसराच बरा वाटतो.

मोजपट्टी
तारीख खरी, पण मग कुठल्या कॅलेंडरची ते शेजारी लिहायला जागा हवी. ती नसताना घेतली तर पुढे कोणीतरी ती १ मार्च समजणार, आणि तुमचा माणूस बारा दिवस आधी जन्मला असं होणार.

जुनी वही
आणि नाकारली तर टंकलेखक मनाने २८ घालणार. तेही मी पाहिलंय. जागा हवी हे कबूल, पण ती कोणीच ठेवत नाही. तोवर तुमचं-माझं जमणं कठीण.

शंकासुर
अर्धा नियम मागे घेतो. पण तपासण्याचा क्रम बदलला तर चालतं का? मी आधी चारचा भाग तपासून लगेच "लीप" म्हणायचो, शंभर नंतर बघायचो.

मोजपट्टी
मग शंभरपर्यंत पोहोचणारच नाही. १९०० ला चारने भाग जातो, तिथेच "लीप" म्हणून बाहेर. पायऱ्या करायच्या तर मोठ्या आकड्यापासून उतरा: ४००, मग १००, मग ४. तपासायला चार वर्षं पुरतात: १९००, २०००, २०२३, २०२४. बरेच जण २०२३ आणि २०२४ वर थांबतात, त्यात तिन्ही ओळी पास होतात.

घड्याळजी
माझं मत अजून तेच. चिपमध्ये मर्यादा लिहा आणि सोडा. फॉर्ममध्ये एक ओळ जास्त लिहायला पैसे पडत नाहीत, तिथे लिहा. उनाड, तुमच्या फॉर्मची वर्षं कुठून सुरू होतात?

उनाड
१९०० पासून. यादीतलं पहिलंच वर्ष.

आत्ता करून पाहिलं. फॉर्मने २९ फेब्रुवारी १९०० बिनदिक्कत दिली. पुढे जावास्क्रिप्टमध्ये हे होतं (तिथे महिने शून्यापासून, म्हणून 1 म्हणजे फेब्रुवारी):

```
new Date(1900, 1, 29)
```

कुठलीही तक्रार न करता १ मार्च १९०० साठवलं गेलं. ओळ बदलतोय. वरिष्ठांना मात्र २१०० साठी बदलली असंच सांगणार.